श्रावकाचं व्रत म्हणजे अर्धं व्रत? नववीच्या तक्त्यावरून चर्चा

वर्गफळा
नववीच्या मुलांसाठी जैन व्रतांचा तक्ता केला आहे. डावीकडे मुनींची पाच महाव्रतं, १०० टक्के. उजवीकडे श्रावकाची, म्हणजे घरसंसारातल्या जैनाची, तीच पाच अणुव्रतं, ५० टक्के. म्हणजे श्रावकाला निम्मी सूट. एका मुलाने विचारलं, बारा कोटींचं सोनं बाळगणारा, महावीरांच्या काळचा आनंद श्रावक अपरिग्रहाचं व्रत कसं पाळतो? हे ढोंग नाही का? मला त्याचं म्हणणं बरोबर वाटतं. कुणाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

पंचगंगाकाठ
आधी ते टक्के पुसा. त्यामुळे मुलांच्या डोक्यात कायमचा गोंधळ बसेल. मुनी दिवसभर अहिंसा पाळतो आणि श्रावक दुपारपर्यंत, असा हा हिशेब नाही.

अहिंसेचंच घ्या. मुनीचा त्याग सगळ्या जीवांबद्दल असतो. हलणारे-चालणारे जीव तर आलेच, पण माती, पाणी, अग्नी, वारा आणि झाडपाला यांतले जीवही त्यात येतात. म्हणून तो चूल पेटवत नाही, कच्चं पाणी वापरत नाही, पान तोडत नाही. शिवाय हे सगळं मनाने, वाचेने, कायेने. स्वतः करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं नाही आणि कुणी केलं तर त्याला मान्यताही द्यायची नाही. तीन गुणिले तीन, नऊ वाटा. वर्गात पंख्याचं उदाहरण द्या. मुनी पंख्याचं बटण दाबणार नाही, 'पंखा लाव' म्हणणार नाही, आणि कुणी लावला तर 'बरं झालं' असं मनातही आणणार नाही. तिसरी वाट सगळ्यात अवघड, कारण ती बाहेरून कुणाला दिसतच नाही.

श्रावक चुलीशिवाय जगू शकत नाही. म्हणून त्याची हिंसा चार भागांत पाहतात. मारायचं ठरवून मारणं ही संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट यांत होते ती आरंभी. पोटापाण्याच्या कामात होते ती उद्योगी. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा बचाव करताना होते ती विरोधी. त्याचं व्रत चालत्या जीवांच्या संकल्पी हिंसेचं आहे. बाकीच्या तीन ठिकाणी जपून वागायचं, पण ती टळत नाही हे मान्य करून. व्रत आहे तेवढ्या जागेत मात्र ते अर्धं नसतं. ठरवून एक मुंगी मारली तरी मोडलं.

तर्कशुद्ध
नऊ वाटा काढल्यात, मग पुढचंही सांगा ना. श्रावक 'करणार नाही, करवणार नाही' एवढंच म्हणतो. अनुमोदना मोकळी. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाने महावीरांसमोर अशीच शपथ घेतली आहे. म्हणजे नवातल्या सहा. बाईंचा आकडा चुकला असेल, पण सूट आहे हे खरंच आहे.

पंचगंगाकाठ
आनंदाची शपथ तशीच आहे, त्यावर वाद नाही. पण दिगंबर परंपरेत समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार पाहा. स्थूल हिंसेच्या त्यागात त्यांनी संकल्पाने कृत, कारित आणि अनुमोदन, तेही मन, वाचा, काया या तिन्ही योगांनी, असं श्रावकालाही सांगितलं आहे. म्हणजे तिथे वाटा नऊच, फक्त जीव चालते आणि हिंसा संकल्पी. सहा हा आकडा सगळ्या जैनांचा म्हणून तक्त्यात घालू नका.

तर्कशुद्ध
ठीक. सहाचा आकडा सर्वांना लागू नाही, हे मान्य. पण जिथे अनुमोदना मोकळी आहे तिथे माझा मुद्दा उभाच राहतो. मुलाच्या धंद्यातल्या हिंसेवर बाप खूश होऊ शकतो.

पंचगंगाकाठ
खूश व्हायला परवानगी दिलेली नाही. घरात राहून, मुलाच्या कमाईचं अन्न खाऊन, 'माझी संमती नाही' ही शपथ खोटी ठरते. जी पाळताच येणार नाही ती घ्यायची नाही, म्हणून ती बाजूला ठेवली आहे. पुढे अकरा प्रतिमा, म्हणजे श्रावकाच्या आचाराच्या पायऱ्या, चढताना अनुमोदनाही सोडायची असते. दहाव्या प्रतिमेचं नावच अनुमतित्याग आहे.

सुपारीकातर
आमच्या घरी कांदा-लसूण, बटाटा काही येत नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. म्हणजे आम्ही अणुव्रतीच ना? मग एवढी चर्चा कशाला? मुलांना सांगा, जैनांच्या घरात हे असतं.

पंचगंगाकाठ
नाही. पाच अणुव्रतांत कांदा कुठेच नाही. कंदमुळं सोडणं हे भोगोपभोगाला मर्यादा घालण्यात येतं, आणि ते बारा व्रतांतलं वेगळं व्रत आहे. दुसरं, घरात चालत आलं म्हणून सोडणं हा आचार झाला. व्रत समजून-उमजून, मर्यादा ठरवून घ्यावं लागतं. कांदा न खाणारा माणूस वजनात मारत असेल तर त्याच्या तिसऱ्या व्रताला डाग लागला. कमी-जास्त मापं ठेवणं, चांगल्या मालात हलका मिसळणं, चोरीचा माल घेणं हे अचौर्याचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, तत्त्वार्थसूत्रात सरळ लिहिले आहेत.

सुपारीकातर
आमच्या दुकानाची मापं तपासून घ्या. उगाच कुणावर घसरू नका.

पंचगंगाकाठ
तुमच्याबद्दल बोललो नाही. व्रताला डाग कुठे लागतो ते सांगत होतो.

ऊसवाला_शिरोळ
आता मुद्द्यावर आलात. दुकानाचं एवढं बोलता, मग शेतीचं बोला. सांगली-कोल्हापूरकडचे आम्ही जैन पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारे. आणि बाहेरचे येऊन ऐकवतात की नांगराने किती जीव मरतात, व्याजबट्टा बरा. पंधरा निषिद्ध धंद्यांच्या यादीत जमीन फोडणं आहे म्हणतात. मग आमच्या पोरांनी शाळेत काय समजायचं, आपण खालच्या दर्जाचे जैन?

तर्कशुद्ध
यादीत आहेच ते. स्फोटकर्म. तुम्हाला राग आला म्हणून यादी बदलत नाही.

पंचगंगाकाठ
यादीत आहे. पण ती यादी असलेल्या उपासकदशांगातच आनंद श्रावक आपल्या मर्यादेत पाचशे नांगर ठेवतो, तेही महावीरांसमोर, आणि त्याला कुणी अडवत नाही. म्हणजे त्या नोंदीचा अर्थ प्रत्येक शेतकऱ्याला बाद करणं असा घेता येत नाही. आणि तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात स्वच्छ सांगितलंय की जीव मारणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा अजून एकही मासा न मारलेला कोळी जास्त पापी. कारण शेतकऱ्याच्या हातून जीव मरतात तरी त्याचा संकल्प धान्याचा असतो. जाळं टाकणाऱ्याचा संकल्प मारण्याचा.

ऊसवाला_शिरोळ
हे मला हवं होतं. आता पुढचं सांगा. उसावर पांढरा लोकरी मावा आला. पानाखाली कापसासारखा थर, खालची पानं काळी पडायला लागली. फवारणी करायची की नाही? नांगराखाली गांडूळ येतं ते चुकून. पंप पाठीला लावतो तेव्हा मावा मारायलाच लावतो. हे उद्योगी की संकल्पी?

तर्कशुद्ध
संकल्पी. डोळ्यांनी बघून, औषध मोजून मारताय. यात दुसरं उत्तरच नाही. व्रत घेतलेल्याने फवारणी करू नये.

मळेकरी
मग जैन शेतकऱ्याने ऊस सोडायचा? हेतू पीक वाचवण्याचा आहे. आशाधरांचाच निकष लावा, संकल्प धान्याचा. विरोधी हिंसेतही धरता येईल, कीड पिकावर चालून आली आहे.

तर्कशुद्ध
मावा चालून आला म्हणजे शत्रूचं सैन्य आहे का? असं म्हटलं तर घरातली प्रत्येक मुंगी विरोधी हिंसेत बसेल आणि व्रतात काही उरणारच नाही.

मळेकरी
मग मित्रकीटक सोडा. लोकरी माव्यावर डिफा आणि क्रायसोपा चालतात. औषध नाही, विष नाही.

ऊसवाला_शिरोळ
अहो, डिफाच्या अळ्या मावा खातात म्हणून तर सोडायच्या. मी मारलं नाही, पण मारून घेतलं. हे 'करवणं' झालं. निंबोळी अर्क घेतला तरी मरायचं ते मरतंच, फक्त सावकाश. रासायनिक-जैविक हा भेद व्रताच्या हिशेबात कामाचा नाही.

पंचगंगाकाठ
हे तुम्ही अगदी नेमकं धरलंत. माझं मत असं की फवारणी पूर्ण उद्योगी हिंसेत ढकलता येत नाही, कारण उद्योगी हिंसेची अटच अशी की काळजी घेऊनही ती होते. इथे मरण हाच कामाचा परिणाम हवा आहे. पण आशाधरांचा निकष लावणारेही चूक नाहीत. म्हणून आधी जी काळजी घेता येते ती घ्या: बेणं कीडमुक्त प्लॉटमधलं घ्यायचं, खालची जुनी पानं काढून हवा खेळती ठेवायची, नत्राचा मारा करायचा नाही, प्रादुर्भाव असलेली पानं दुसऱ्या शेतात न्यायची नाहीत. एवढं करूनही फवारायची वेळ आली तर दोष लागला असं मानून प्रतिक्रमणात, म्हणजे झालेले दोष आठवण्याच्या विधीत, त्याची आलोचना, म्हणजे कबुली, करतात. 'लागलाच नाही' असं मी म्हणणार नाही.

तर्कशुद्ध
म्हणजे संकल्पी आहे हे शेवटी कबूल केलंत.

पंचगंगाकाठ
पूर्ण नाही. दोन्हींच्या मधलं आहे, आणि मुलांना तसंच सांगावं असं वाटतं.

ऊसवाला_शिरोळ
माझं समाधान झालेलं नाही. दोष मानायला तयार आहे, पण तो दोष फक्त शेतकऱ्याच्याच वहीत का? साखर खाणाऱ्याची अनुमोदना कुणी मोजायची?

वर्गफळा
फवारणीवरून माझा प्रश्न मागे पडला. आनंद श्रावकाचं काय? टक्के काढते. पण तो मुलगा उद्या परत विचारणार आहे. बारा कोटी जवळ होते आणि बारा कोटीच ठेवायची शपथ. सोडलं काय त्याने?

पंचगंगाकाठ
आकडे नीट घ्या. चार कोटी ठेव म्हणून, चार कोटी व्याज-व्यापारात, चार कोटी घरसंसारात. दहा हजारांचे चार कळप, म्हणजे चाळीस हजार गुरं. पाचशे नांगर, प्रत्येकी शंभर निवर्तन जमीन. बाहेरगावी जायला पाचशे गाड्या, जवळच्या वाहतुकीला पाचशे. त्याने ठेवलं ते आहे तेवढंच, हे बरोबर. सोडलं ते पुढचं. चार कोटी वाढीला लागलेत, दरवर्षी नफा येणार, गाई विणार. व्रताच्या दिवसापासून वाढलेलं काहीही ठेवून घेता येत नाही. व्यापाऱ्याने वाढ सोडणं ही हलकी गोष्ट नाही. आणि मर्यादा सोन्यावर थांबली नाही. अंघोळीला आठ घडे पाणी, दातवण ज्येष्ठमधाचं ओलं, अंग पुसायला एकाच जातीचं वस्त्र, इथवर त्याने मोजून ठरवलं.

मुनीच्या अपरिग्रहात आकडाच नसतो. दिगंबर मुनीजवळ मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. त्यातही 'माझी पिंछी' अशी ओढ लागली तर व्रताला बाधा. श्रावकाचा आकडा त्याने स्वतः लिहायचा असतो आणि नंतर तो वर सरकवायचा नसतो.

तर्कशुद्ध
आणि सरकवतातच. बायकोच्या नावावर, मुलाच्या नावावर.

पंचगंगाकाठ
ते हेमचंद्रांनी योगशास्त्रात पकडलं आहे. दोन घरांची मर्यादा आहे, तिसरं घेतलं आणि मधली भिंत पाडून दोनच म्हणवलं, तर तो अतिचार. शेताचा बांध मोडून एक केला, तरी तेच. जादा धान्य बांधून दुसऱ्याकडे ठेवलं, मुदत संपल्यावर आणू म्हणून सोनं कुणाला देऊन ठेवलं, गाय गाभण आहे पण वासरू अजून मोजायचं नाही म्हटलं, सगळं त्यात आलं. मुलांना हीच उदाहरणं द्या आणि विचारा, इथे आकडा मोडला का? आकडा मोडलेला नसतो, म्हणूनच याला पूर्ण भंग न म्हणता अतिचार म्हणतात.

वर्गफळा
भिंतीचं उदाहरण घेते. पण त्या मुलाला मी 'तू चुकलास' असं सांगणार नाही. मर्यादा इतकी मोठी ठेवली की ती कधी टोचतच नाही, तर तिला व्रत म्हणायचं का, हा त्याचा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो.

पंचगंगाकाठ
रास्त आहे. मर्यादा किती असावी याचा आकडा ग्रंथात नाही. आनंदाची गोष्ट सांगणार असाल तर पुढचंही सांगा. चौदा वर्षं व्रतं पाळून पंधराव्या वर्षी त्याने सगळा कारभार थोरल्या मुलाकडे दिला, पौषधशाळेत, म्हणजे उपवास-साधनेच्या जागी, राहायला गेला आणि अकरा प्रतिमा पाळल्या. शेवटी त्याला झालेल्या ज्ञानावर महावीरांचे पट्टशिष्य गौतम गणधर यांनी शंका घेतली, तेव्हा महावीरांनी गौतमांना परत पाठवून एका गृहस्थाची क्षमा मागायला लावली.

तर्कशुद्ध
हा भाग मला ठाऊक होता, पण इथे तो लागू पडेल असं वाटलं नव्हतं. बारा कोटींबद्दलचं माझं मत मात्र तेच.

ऊसवाला_शिरोळ
साखरेचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.