पाठ केलेली सिद्धता कोणत्या पायरीवर फसली?

जुन्या प्रश्नपत्रिकांत √2 अपरिमेय असल्याची सिद्धता आणि साध्या लंबकाच्या आवर्तकालाचे सूत्र हमखास सापडते, म्हणून आपण ती पाठ करतो. ती नेमकी कोठे फसली, याचे अनुभव येथे लिहावेत.

माझ्यापासून सुरुवात करतो. √2 ची सिद्धता मला तोंडपाठ होती, परीक्षेत √3 आले. मी p² = 3q² पर्यंत नीट पोहोचलो आणि पुढच्या ओळीत सवयीने लिहिले, 'म्हणून p² सम आहे, म्हणून p सम आहे.' दोन्ही विधाने निराधार होती. तेथे सम-विषमचा संबंधच नव्हता, p ला 3 ने भाग जातो हे दाखवायचे होते.

एक विद्यार्थी : मी यावर तोडगा काढला आहे. 'सम' हा शब्द काढून 'n ने विभाज्य' लिहायचे, म्हणजे पूर्ण वर्ग नसलेल्या कोणत्याही संख्येला तीच सिद्धता चालते. √5, √6, √7 मी अशीच सोडवली.

गणिताच्या शिक्षिका : त्या तिघांना ती चालते, परंतु √8 घेऊन पाहा. p² ला 8 ने भाग जातो म्हणून p ला 8 ने भाग जातो, असे तुम्ही लिहाल; पण p = 4 असेल तर p² = 16, त्याला 8 ने भाग जातो आणि 4 ला जात नाही. √8 अपरिमेय आहे हे खरेच, मात्र त्या वाटेने ते सिद्ध होत नाही. √8 = 2√2 लिहून √2 कडे जावे. मी उत्तरपत्रिका तपासताना सर्वांत आधी ही एक ओळ पाहते, कारण सगळा भार तिच्यावर असतो.

एक विद्यार्थिनी : मी रोज तीन वेळा लिहून काढते, तरी आठवड्यात विसरते. किती वेळा लिहावे?

भौतिकशास्त्राचा पदवीधर : संख्या सांगता येणार नाही, माझा अनुभव सांगतो. लंबकाच्या सूत्रात मी F = −mg sin θ मधील ऋण चिन्ह गाळले आणि तरीही शेवटी T = 2π√(l/g) लिहिले, कारण शेवटची ओळ पाठ होती. चिन्ह नसेल तर बल गोळ्याला मध्यापासून दूर लोटेल, मग दोलन होणार कसे? तेव्हापासून ती ओळ लिहिताना मी बाण काढतो आणि बल मध्याकडे आहे ना, ते पाहतो. गुण गेले ते योग्यच गेले.

पहिलाच विद्यार्थी : √8 करून पाहिले, ताईंचे म्हणणे पटले. मग 3 साठी ती ओळ पाठ म्हणून लिहावी, की तीही सिद्ध करावी?

शिक्षिका : याबाबत परीक्षकांमध्ये एकमत नाही. मी विद्यार्थ्यांकडून एक ओळ जास्त लिहून घेते: p ला 3 ने भाग जात नसेल तर p = 3k ± 1, आणि त्याचा वर्ग 9k² ± 6k + 1, म्हणजे बाकी 1 उरते.