मदत हवी आहे: पाण्याच्या ग्लासात मधाची भेसळ कळते का?

घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय: पाण्यात चमचाभर मध सोडा, तळाशी बसला तर शुद्ध, पसरला तर भेसळ. मी शेजारच्या ग्लासात साखरेचा घट्ट पाक सोडून पाहिला. तोही तसाच, धार न मोडता तळाशी गेला. म्हणजे यातून फक्त दाटपणा कळतो. मधात बुडवलेली वात पेटवायची युक्तीही पाण्याच्या अंशावरच चालते, म्हणून ती सोडली.

बाटली सीलबंद आहे, नमुना लॅबला द्यायची तयारी आहे. कार्बन आयसोटोप चाचणी उसाचा-मक्याचा पाक पकडते, पण तांदळाचा पाक तिच्यातून निसटतो. मग दोन्ही पकडायला लॅबकडे नेमकी कोणती चाचणी मागायची? चुंबकीय क्षेत्रात मधातल्या घटकांचा ठसा तपासणारी एनएमआर चाचणी एकटी पुरेल का?