मदत हवी आहे: प्रॉक्सी बनवल्या, पण जोडल्याच जात नाहीत

नदीपात्र_२५: ढोल पथकाच्या सरावाचं शूटिंग आहे, फोर-के, तीन कॅमेरे. टाइमलाइन दोन सेकंद चालते आणि अडकते. म्हणून सगळ्याच्या प्रॉक्सी बनवल्या, तर आता जोडताना एरर येतेय. परवा पथकाला व्हिडिओ द्यायचाय. लवकर सांगा.

सदाशिवपेठी: कुठलं सॉफ्टवेअर? फाइल कुठल्या? प्रॉक्सी कशात बनवल्या? एरर नेमकी काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

रॅमभक्त: रॅम किती आहे? आठ असेल तर सोळा करा. तपकीर गल्लीत आजच्या आज मिळेल.

नदीपात्र_२५: प्रीमिअर. आय-५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम. फुटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दोन कॅमेरे भाड्याचे एफएक्स-६, तिसरा मोबाइल. प्रॉक्सी हँडब्रेकमध्ये केल्या. ऑडिओ चॅनल जुळत नाहीत असं काहीतरी म्हणतो. पण मला ऑडिओ नकोच आहे, वेगळा रेकॉर्डर होता!

कटपेस्ट: मूळ दुखणं लाँग जीओपीचं आहे. एक फ्रेम दाखवायला आधीच्या दहा उलगडाव्या लागतात, म्हणून अडकतं.

सदाशिवपेठी: मोबाइलच्या फाइलींना ते लागू आहे. एफएक्स-६ वर काय निवडलं होतं?

नदीपात्र_२५: एक्सएव्हीसी-आय, २५पी. फाइल एमएक्सएफ.

सदाशिवपेठी: मग इथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्रच आहे. त्रास दुसरीकडे आहे. हे १०-बिट ४:२:२ एच.२६४ आहे आणि आठव्या पिढीच्या चिपमधला हार्डवेअर डीकोडर ते घेत नाही, सगळा भार सीपीयूवर येतो. शिवाय एका कॅमेऱ्याचे २५० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ एमबी. दोन कॅमेरे एकत्र वाजवले की ६२ एमबी, वर मोबाइल. फिरणाऱ्या डिस्कला तेवढं दोन-तीन ठिकाणांहून उचलून आणणं जमत नाही. रॅम वाढवून यातलं काहीच बदलणार नाही.

आता एरर. तुम्हाला ऑडिओ नको असला तरी प्रीमिअरला हवा आहे. जोडताना तो मूळ फाइल आणि प्रॉक्सीचे चॅनल ताडून बघतो. तुमच्या एमएक्सएफमध्ये चार वेगळे मोनो ट्रॅक असणार आणि हँडब्रेकने बहुधा पहिलाच घेतला. म्हणून चारही जसेच्या तसे न्यायचे. एमएक्सएफ असलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, `D:\proxy` फोल्डर आधी बनवून ठेवा आणि हे चालवा:

```
for %f in (*.MXF) do ffmpeg -i "%f" -map 0:v:0 -map 0:a -vf scale=1920:1080 -c:v dnxhd -profile:v dnxhr_lb -pix_fmt yuv422p -c:a pcm_s24le "D:\proxy\%~nf.mov"
```

`-map 0:a` म्हणजे सगळे ऑडिओ ट्रॅक. ते लिहिलं नाही तर एफएफएमपेग आपल्या मनाने एकच निवडतो आणि तुम्ही पुन्हा याच एररवर येता. प्रॉक्सी लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवा. तासाभराच्या फुटेजला साधारण १६ जीबी लागतील, मूळ फाइल तासाला ११२ जीबी खातात.

कटपेस्ट: जीओपीचं मागे घेतो, फाइल माहीत नव्हती. पण १०८० कशाला? ७२० करा, निम्म्याहून कमी जागा.

सदाशिवपेठी: टिपरू ढोलावर नेमकं कधी पडतंय यावर कट जाणार. त्या हालचालीची धार ७२० मध्ये दिसत नाही.

कटपेस्ट: तेरा इंची स्क्रीनवर, प्रिव्ह्यूच्या छोट्या चौकटीत? मला नाही पटत.

लग्नपट: माझ्याकडे रिझॉल्व्ह आहे, त्यात ऑप्टिमाइझ्ड मीडियाची जागा कुठून बदलायची?

सदाशिवपेठी: त्याला वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

नदीपात्र_२५: पहिला कॅमेरा जोडला गेला! पण प्लेबॅक अजून अडकतोच.

सदाशिवपेठी: जोडणं वेगळं आणि वापरणं वेगळं. प्रोग्रॅम मॉनिटरखालच्या अधिकच्या चिन्हातून Toggle Proxies बटण ओढून खाली आणा आणि ते निळं करा. रंगकाम करताना मात्र बंद ठेवा, कारण प्रॉक्सी ८-बिट आहे, सावल्यांचा अंदाज चुकेल. एक्स्पोर्टच्या वेळी मूळ डिस्क जोडलेली हवी आणि Use Proxies ची खूण काढलेली हवी. नाहीतर फोर-केच्या नावाखाली ताणलेलं १०८० पथकाच्या हातात जाईल.

नदीपात्र_२५: निळं केलं, सुरळीत चाललं. दुसरा कॅमेराही जोडला. मोबाइलच्या प्रॉक्सी जोडल्या जातात, पण क्लिप जसजशी पुढे जाते तसतसा ढोल मागे पडतो.

कटपेस्ट: तो व्हेरिएबल फ्रेमरेट. मीडियाइन्फोमध्ये Frame rate mode बघा. Variable असेल तर त्याला प्रॉक्सी जोडू नका. स्थिर फ्रेमरेटची चांगल्या दर्जाची प्रत काढून तीच मूळ फाइल म्हणून वापरा.

सदाशिवपेठी: हे बरोबर. फक्त त्या क्लिपवर आधीच कट मारले असतील तर प्रत बदलल्यावर ते सरकू शकतात. किती कट झालेत?

नदीपात्र_२५: बरेच. मीडियाइन्फोत Variable च दिसतंय. एका क्लिपवर करून बघतो आणि सांगतो.