रेपो उतरला, हप्ता का नाही?

"रेपो रेट एक टक्क्यानं उतरला म्हणून पेपरात वाचलं, मग माझा गृहकर्जाचा हप्ता तेवढाच कसा?"

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो दर. आधी मंजुरीपत्र काढून बघा, तुमचा व्याजदर कशाला बांधलाय ते. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, गृहकर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावं लागतं, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. पण हा नियम नागरी सहकारी बँकांना नाही, आणि आपल्या कोल्हापुरात निम्म्या गल्लीचं कर्ज तिथलंच! त्यांचा पैसा ठेवीदारांचा. जुन्या दराच्या ठेवी मुदत संपेपर्यंत तशाच पोसाव्या लागतात, म्हणून दर उतरवायचं मनावर घ्यायला त्यांना वेळ लागतो. पतसंस्थेचं तर विचारूच नका, ती रिझर्व्ह बँकेच्या हाताखालीच येत नाही.

कर्ज रेपोला जोडलेलं असेल तरी हप्ता हलेलच असं नाही. माझ्या मेव्हण्याचं उदाहरण घ्या: २० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता साधारण १७,३५०. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला, त्याचा दर साडेसात झाला, हप्ता मात्र तोच. तो बँकेवर उखडला होता. खात्याचा उतारा काढल्यावर कळलं की बँकेनं मुदत कमी केलीय, जवळजवळ तीन वर्षांनी. हप्ताच कमी हवा असेल तर तसा अर्ज द्यायचा, महिन्याला बाराशेच्या आसपास सुटतात. पण मुदत कमी झाली की एकूण व्याज कमी जातं, म्हणून मी त्याला अर्ज देऊ नको म्हटलं.