वेबसाइटची वार्षिक साफसफाई: जुने दर, संपलेल्या ऑफर, जुने फोटो. तुमचे अनुभव सांगा

रंगपेटी

आमचे चित्रकलेचे वर्ग आहेत आणि एक छोटीशी वेबसाइट आहे, पंधरा-सोळा पानांची. दरवर्षी नवीन बॅच सुरू व्हायच्या आधी मी एक दिवस काढून सगळी साइट चाळते, जुनी फी बदलते, संपलेल्या सवलती काढते. यंदाही केलं आणि खुशीत होते. पहिल्याच दिवशी एक पालक मोबाईल पुढे करून म्हणाले की तुमच्या साइटवर तर एवढीच फी लिहिलीय. बघते तर तीन वर्षांपूर्वीचं फीपत्रक, आमचंच, लोगोसकट! ते पीडीएफ मी तेव्हाच पानावरून काढलं होतं. म्हणजे त्याची लिंक काढली होती, फाइल तशीच सर्व्हरवर पडून होती आणि गुगलमध्ये वर्गाचं नाव नि "फी" असं टाकलं की तीच आधी येत होती.

त्या पालकांना जुन्या फीमध्ये घेतलं, वाद कोण घालणार. पण असं आणखी काय काय उरलं असेल याची धास्ती बसलीय. तुम्ही वर्षातून एकदा साइट तपासता तेव्हा नक्की काय शोधता आणि काय सुटलं, ते लिहा ना. फजित्या आधी लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

तळघर

ताई, बहुतेक सगळ्यांची सुरुवात याच चुकीपासून होते. मी इतरांच्या साइट सांभाळतो. साइट चाळायची म्हणजे लोक मेनूवर क्लिक करत जातात, पण मेनूत दिसतं ते साइटचं ओसरीवरचं सामान, माळ्यावर काय आहे ते तिथून दिसत नाही. मी सुरुवात मेनूपासून करतच नाही. आधी गुगलमध्ये हे टाकतो, स्वतःचं डोमेन घालून:

```
site:example.com filetype:pdf
```

मग filetype चा भाग काढून नुसतं site: आणि पुढे "ऑफर", "सवलत", मागच्या वर्षांचे आकडे असं एकेक. दुसरीकडे वर्डप्रेसची मीडिया लायब्ररी उघडायची आणि वरच्या फिल्टरमध्ये डॉक्युमेंट्स निवडायचे. तुमच्याकडे एकाच फीपत्रकाच्या चार-पाच आवृत्त्या निघतील, लिहून देतो. कारण तुम्ही fees.pdf दुसऱ्यांदा चढवलंत तर वर्डप्रेस जुनं पुसत नाही. त्याच महिन्यात चढवलं तर नवीन फाइलला fees-1.pdf असं नाव देतं आणि नंतरच्या महिन्यात चढवलं तर वर्ष-महिन्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. दोन्हीकडे जुनी फाइल जिवंतच.

तुमच्या केसमध्ये मी जुनी फाइल नुसती डिलीट केली नसती. त्याच पत्त्यावर, त्याच नावाने नवीन फीपत्रक ठेवलं असतं, होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून. मग कोणी तीन वर्षांपूर्वी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक आज उघडली तरी आजची फी दिसते. आणि इथून पुढे फाइलच्या नावात वर्ष घालू नका, वर्ष आत, पहिल्या ओळीत ठळक लिहा.

कोपराखळी

एवढा उपद्व्याप कशाला? robots.txt मध्ये त्या फोल्डरला Disallow टाका, गुगल परत फिरकणार नाही. मी दोन वर्षांपूर्वी केलं, निवांत आहे.

तळघर

@कोपराखळी, गुगल आत येऊन वाचणार नाही हे खरं. पण पत्ता त्याला आधीच माहीत असेल किंवा बाहेरून कोणी लिंक दिलेली असेल तर नुसता पत्ता निकालात दिसू शकतो, खाली वर्णन नसतं इतकंच. ज्याच्याकडे लिंक आहे त्याला तर फाइल उघडतेच. मोठी गोची पुढे होते. तुम्ही नंतर ती फाइल डिलीट केली किंवा noindex लावलं तरी गुगलला दारातच अडवलंय, मग आत काही उरलं नाही हे त्याला कळणार कसं? आधी फाइल खरोखर काढा, त्या पत्त्यावर ४०४ किंवा ४१० येऊ द्या आणि त्याला ते बघू द्या. घाई असेल तर सर्च कन्सोलमध्ये Removals आहे, पण ते साधारण सहा महिन्यांपुरतं झाकतं. फाइल तशीच ठेवलीत तर नंतर परत वर येते.

कोपराखळी

माझं नाही आलं अजून. पण बघतो.

भिंगभाडे

माझी फजिती ऐका, अजून घरी चेष्टा होते. आम्ही कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देतो. बऱ्याच लेन्सचा दिवसाचा दर ३०० होता तो ३५० करायचा होता, पानं साठ-सत्तर, म्हटलं एकेक कोण उघडत बसणार. एका मित्राने कमांड दिली, मी रात्री अकरा वाजता चालवली:

```
wp search-replace '300' '350'
```

झटक्यात झालं, झोपलो. सकाळी साइट उघडली तर निम्मे फोटो गायब, जागोजागी तुटलेल्या चित्राचं चिन्ह. कारण वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या प्रती करतं आणि मधल्या आकाराच्या प्रतीचं नाव lens-300x200.jpg असं असतं. माझ्या कमांडने पानांमधलं ते नावही lens-350x200.jpg केलं, अशी फाइलच सर्व्हरवर नाही! वर आमच्या फोन नंबरमध्ये ३०० येतं, तोही बदलला. म्हणजे सकाळपासून ज्यांनी फोन केला ते कोणा भलत्याच माणसाला लेन्सचं भाडं विचारत होते.

बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा होता, तो चढवला तेव्हा मधल्या दोन दिवसांच्या बुकिंगच्या नोंदी गेल्या, त्या ईमेलवरून शोधून परत भरल्या. शेवटी --dry-run लावलं असतं तर काही न बदलता नुसती मोजणी दिसली असती. साठ-सत्तर पानं आणि बदल हजारोंनी, एवढ्यावरच शहाणा माणूस थांबला असता.

आणि एवढं करूनही जुना दर तीन ठिकाणी राहिलाच होता. एका पानावर आकडा मराठीत "३००" होता, मी शोधला इंग्रजी 300. एका ठिकाणी "तीनशेत दिवसभर!" असं अक्षरी लिहिलेलं. तिसरा होमपेजच्या बॅनरवर, पण तो फोटोतच छापलेला, तो कुठल्या शोधात सापडणार? आता फोटोवर आकडा छापायचा नाही हा घरचा नियम आहे. आणि दर बदलताना एकेक पान हाताने उघडतो, दुपार गेली तर गेली.

मधलीसुट्टी

मी तर मागच्याच महिन्यात सगळे जुने फोटो काढून टाकले, लॅपटॉप एकदम हलका झाला 😊 पण वेबसाइटवर अजून दिसतायत, असं का?

निळीशाई

@मधलीसुट्टी, लॅपटॉपवरचे काढले म्हणून साइटवरचे जात नाहीत हो, तिथे त्यांची वेगळी प्रत असते. उलट आता मूळ फोटो तुमच्याकडे नसतील तर साइटवरचे आधी उतरवून घ्या आणि मग काढा.

माझा अनुभव फोटोंचाच आहे. आमच्या संस्थेच्या साइटवर टीमचा फोटो होता, त्यातल्या एकीने काम सोडलं आणि दोन वर्षांनी मेल पाठवला की माझा फोटो अजून तुमच्याकडे आहे, काढा. मी "आमच्याविषयी" पानावरून लगेच काढला, तसं कळवलं. चार दिवसांनी तिचं उत्तर, सोबत स्क्रीनशॉट. तिचं नाव टाकलं की इमेज सर्चमध्ये आमच्या साइटवरून तोच फोटो. खूप ओशाळल्यासारखं झालं. पानावरून काढला होता, लायब्ररीतून नाही. फाइलचा पत्ता थेट टाकला तर फोटो उघडत होता.

लायब्ररीतून "कायमचं डिलीट" केलं, तेव्हा त्याच्या सगळ्या लहान-मोठ्या प्रतीही गेल्या. तरी आमची लिंक फेसबुकवर टाकली की खाली तोच ग्रुप फोटो यायचा, कारण शेअर करताना दिसणारं चित्र वेगळं नेमलेलं होतं. ते बदललं, मग फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून Scrape Again दाबलं तेव्हा नवीन आलं. आधी लोकांनी चॅटमध्ये पाठवलेल्या लिंकखाली जुनं चित्र आहे ते आहेच, त्याला माझ्याकडे इलाज नाही. तेव्हापासून कोणी काम सोडलं की निरोपाच्या दिवशीच फोटो काढते, वर्षाची वाट बघत नाही.

रंगपेटी

आत्ता डॉक्युमेंट्स फिल्टर लावून बघितलं. फीपत्रकं सात! तळघर, तुम्ही चार-पाच म्हणालात ते उदार मनाने म्हणालात. एक तर मी कधी चढवलेलंच आठवत नाही.

ठिपका

ऑफरच्या पानांचं काय करता? मी मुदत संपली की ते पान डिलीट करते आणि पत्ता होमपेजवर वळवते, म्हणजे येणारा माणूस वाया जात नाही. मागच्या वर्षी मात्र एक सुटलं. पानावर उलटी मोजणी करणारं घड्याळ होतं, शून्यावर आलं की आपोआप परत पहिल्यापासून सुरू व्हायचं. तशी सेटिंग मीच ठेवलेली आणि विसरलेली. आठ महिने "फक्त दोन दिवस बाकी" दिसत होतं. एका बाईंनी मेलमध्ये विचारलं, तुमचे हे दोन दिवस कधी संपणार?

तळघर

मेल जपून ठेवा तो 😄

होमपेजवर वळवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. सवलत शोधत आलेल्या माणसाला अचानक होमपेज दिसलं तर तो गोंधळतो, आणि विषयाशी संबंध नसलेल्या पानावर वळवलेला पत्ता गुगलही बऱ्याचदा "पान नाही" असाच धरतं. ऑफर दरवर्षी येत असेल तर पत्ता एकच ठेवा, वर्षाशिवाय, आणि मधल्या काळात तिथे "ही सवलत संपली, सध्याचे दर इथे" एवढंच लिहा. परत येणारच नसेल तर सरळ काढून टाका.

ठिपका

"संपली" वाचून माणूस हिरमुसतो आणि परत जातो, मी करून बघितलंय. होमपेजवर निदान दोन-चार जण थांबतात.

भिंगभाडे

दोघांचंही पटतंय 🙈 माझ्याकडे एक संपलेलं पान आहे ज्यावर अजून रोज लोक येतात, ते काढायला जीव होत नाही. तिथे नुसता दर काढून फॉर्म ठेवलाय, बघू.

सूर्यफूल८

एक सुटलेली जागा. पान दुरुस्त केलं होतं पण गुगलच्या निकालात आमच्या नावाखाली जुना दर दिसत राहिला. मेटा डिस्क्रिप्शनमध्ये होता, पानावर तो कुठेच दिसत नाही. दुसरं, चौकशीचा फॉर्म भरला की आपोआप जाणारं उत्तर. त्यात गेल्या वर्षीचा दर होता आणि आम्ही स्वतःला कधी फॉर्म पाठवत नाही ना, त्यामुळे कळलंच नाही. आता तपासणीच्या दिवशी पहिला फॉर्म मीच भरते.

रंगपेटी

आत्ता भरला. उत्तर आलं, "आपले स्वागत आहे, सोबत फीपत्रक जोडले आहे." जोडलंय ते आठवं.