‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ : यातील ‘वर’ कोणते अव्यय?

चाफेकळी :
माझी मुलगी इयत्ता सातवीत शिकते. व्याकरणाच्या चाचणीत ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ हे वाक्य देऊन त्यातील अव्यय ओळखायला सांगितले होते. तिने ‘वर’ हे उभयान्वयी अव्यय आहे असे लिहिले आणि तिचा गुण कापला गेला. बाईंनी लाल शाईने ‘शब्दयोगी’ एवढाच शब्द लिहून दिला आहे. मुलीचे म्हणणे असे की पाऊस थांबणे ही एक गोष्ट आणि आपण निघणे ही दुसरी गोष्ट; या दोन गोष्टी ‘वर’मुळे जोडल्या जातात, मग ते उभयान्वयी का नाही? मला तिचे म्हणणे खोडता आले नाही. उत्तर चूक असेल तर ते का चूक आहे हे तिला पटेल अशा रीतीने समजावून सांगायचे आहे.

माळरान :
‘वर’ हे येथे क्रियाविशेषण अव्यय मानावे असे मला वाटते. ‘तो वर गेला’, ‘पतंग वर चढला’ या वाक्यांत ‘वर’ क्रियेची दिशा सांगतो, म्हणजे तो क्रियाविशेषणाचेच काम करतो.

जुनी पाटी :
आपण दिलेल्या वाक्यांत तो क्रियाविशेषणच आहे, कारण तेथे ‘वर’ सुटा उभा आहे. विचारलेल्या वाक्यात तो ‘थांबल्या’ला चिकटलेला आहे आणि दिशा सांगत नाही, त्यामुळे येथे प्रश्न शब्दयोगी की उभयान्वयी एवढाच उरतो.

देशस्थळ :
मुलीचा तर्क मला योग्य वाटतो. दोन घटना जोडणारा शब्द उभयान्वयी, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. त्या हिशेबाने ‘तिथे जाण्यापेक्षा घरी बसलेले बरे’ या वाक्यातील ‘पेक्षा’ हेसुद्धा उभयान्वयीच ठरते, कारण तेथेही जाणे आणि बसणे अशा दोन क्रियांची सांगड घातलेली आहे.

जुनी पाटी :
मी बत्तीस वर्षे मराठी शिकवले आणि या वाक्यावर प्रत्येक तुकडीत कोणीतरी हाच प्रश्न विचारत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुलीचे निरीक्षण खरे आहे : या वाक्यात घटना दोन आहेत. परंतु उभयान्वयी अव्यय घटना जोडत नाही. ते दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडते. घटना दोन असल्या तरी वाक्य एकच असू शकते. म्हणून पाहायचे ते हे की ‘पाऊस थांबल्या’ हा तुकडा वाक्य आहे की नाही.

त्यासाठी मी मुलांना एक साधी गोष्ट करायला सांगत असे. पावसाच्या जागी दुसरे नाम घालून पाहा. पाऊस थांबला, सर थांबली, वादळ थांबले. क्रियापद प्रत्येक वेळी कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलले. आता आपले वाक्य घ्या : पाऊस थांबल्यावर, सर थांबल्यावर, वादळ थांबल्यावर. वाऱ्यांचे अनेकवचन घेतले तरी ‘वारे थांबल्यावर’ असेच म्हणावे लागते. कर्ता कोणताही असो, ‘थांबल्या’ हलत नाही. जे रूप कर्त्याबरोबर हलत नाही ते येथे क्रियापदाचे काम करत नाही. ते धातूपासून तयार झालेले, नामासारखे वागणारे रूप आहे आणि त्याचे सामान्यरूप होऊन त्याला ‘वर’ लागला आहे. ‘झाड’चे ‘झाडावर’ होते तसेच हे आहे. याच ‘थांबल्या’ला विभक्तीचा प्रत्ययही लागतो, ‘पाऊस थांबल्याने खेळ सुरू झाला’ असे आपण म्हणतो. वाक्याला असा प्रत्यय कधी लागत नाही.

‘पेक्षा’चेही असेच आहे. ‘जाणे’चे ‘जाण्या’ झाले, म्हणजे सामान्यरूप झाले, आणि मग ‘पेक्षा’ आले. ‘जाण्यापेक्षा’ आणि ‘सोन्यापेक्षा’ यांची घडण एकच आहे.

देशस्थळ :
‘थांबल्या’चा खुलासा पटला. पण ‘मुली येईपर्यंत थांब’ या वाक्यात ‘येई’ हे तर सरळ क्रियापद दिसते. ‘तो रोज येई’ असे आपण म्हणतोच. येथे सामान्यरूप कोठे आहे?

जुनी पाटी :
सामान्यरूप येथे डोळ्यांना दिसत नाही हे मान्य केले पाहिजे, आणि केवळ सामान्यरूप शोधायला शिकवलेली मुले याच ठिकाणी अडतात. मात्र कर्ता बदलण्याची परीक्षा येथेही चालते. क्रियापद म्हणून ‘तो येई’ आणि ‘त्या येत’ अशी वेगवेगळी रूपे होतात. ‘पर्यंत’च्या आधी मात्र ‘मुलगा येईपर्यंत’ आणि ‘मुली येईपर्यंत’ असे एकच रूप राहते. ‘मुली येतपर्यंत’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे दिसायला क्रियापदासारखे असले तरी हे रूप गोठलेले आहे. नदी, गाडी यांसारख्या शब्दांतही ‘नदीवर’, ‘गाडीवर’ असे मूळ रूप तसेच राहते, म्हणून रूप बदलले नाही एवढ्यावरून निर्णय करू नये.

खिळेजुळारी :
मी मुद्रितशोधन करतो आणि माझ्या कामात हा भेद रोज उपयोगी पडतो, फक्त शब्द वेगळे असतात : ‘सह’ आणि ‘आणि’. ‘चालक आणि एक प्रवासी जखमी झाले’ हे बरोबर आहे, कारण ‘आणि’ने जोडलेली दोन्ही नामे मिळून कर्ता होतात आणि क्रियापद अनेकवचनी येते. ‘चालकासह एक प्रवासी जखमी झाला’ येथे कर्ता एकटा प्रवासी आहे. चालक ‘सह’च्या आधाराने वाक्यात आला आहे आणि त्याचे सामान्यरूपही झाले आहे. तरीही ‘चालकासह एक प्रवासी जखमी झाले’ असे वाक्य माझ्यापुढे वारंवार येते. लिहिणाऱ्याच्या मनात माणसे दोन असतात म्हणून तो क्रियापद अनेकवचनी करतो. चाफेकळी यांच्या मुलीची अडचण आणि ही चूक यांचे मूळ एकच आहे असे मला वाटते : अर्थातली संख्या वाक्याच्या रचनेवर लादली जाते.

हा भेद संख्येच्या हिशेबातही महत्त्वाचा आहे. ‘चालक आणि तीन प्रवासी जखमी झाले’ म्हणजे जखमी चार. ‘चालकासह तीन जण जखमी झाले’ याचा अर्थ आमच्याकडे चालक धरून तीन असाच घेतला जातो. तरी काही वाचक चालक वेगळा मोजून चार समजतात. म्हणून मी शक्य तेथे ‘चालक आणि दोन प्रवासी’ असे बदलून घेतो. एक सावधगिरी मात्र हवी : आदरार्थी बहुवचन असेल तर क्रियापदाच्या वचनावरून काही कळत नाही. ‘सचिवांसह अध्यक्ष आले’ यात ‘आले’ हे आदरामुळे आहे.

चाफेकळी :
मुलीला पाऊस, सर आणि वादळ यांची वाक्ये करायला सांगितली. तिने ती स्वतः म्हणून पाहिली आणि ‘थांबल्या’ बदलत नाही हे तिला लगेच कळले. त्यावर तिने नवा प्रश्न काढला. ‘पावसामुळे सामना थांबला’ यात ‘मुळे’ शब्दयोगी, हे ठीक. मग ‘पाऊस आला, त्यामुळे सामना थांबला’ यात काय म्हणायचे? येथे ‘आला’ हे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते : सर आली, वादळ आले.

जुनी पाटी :
मुलीने अचूक जागा शोधली. येथे वाक्ये खरोखरच दोन आहेत आणि त्यांना जोडण्याचे काम ‘त्यामुळे’ हा पूर्ण शब्द करतो. त्याच्या पोटात डोकावले तर ‘त्या’ हे सर्वनामाचे सामान्यरूप आणि ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय सापडते. घडणीने शब्दयोगी, कामाने उभयान्वयी. ‘याकरिता’ आणि ‘यास्तव’ हे शब्द असेच घडलेले आहेत, आणि शालेय व्याकरणांत ते ‘म्हणून’च्या शेजारी परिणामबोधक उभयान्वयी अव्ययांत बसवलेले असतात. परीक्षेत केवळ ‘मुळे’ अधोरेखित असेल तर शब्दयोगी लिहावे आणि ‘त्यामुळे’ अधोरेखित असेल तर उभयान्वयी लिहावे.

खिळेजुळारी :
येथे मी पूर्णपणे सहमत नाही. ‘त्यामुळे’मधील ‘त्या’ अजून जिवंत सर्वनाम आहे. ते मागच्या संपूर्ण वाक्याकडे बोट दाखवते. ‘पाऊस आला. सामना त्यामुळे थांबला.’ असे लिहिले तर ‘त्यामुळे’ वाक्याच्या मध्ये जाते, मध्ये पूर्णविराम येतो आणि तरीही अर्थ टिकतो. ‘आणि’ला असे हलवता येत नाही. जो शब्द वाक्याच्या पोटात इतका सहज सरकतो त्याला जोडणारा शब्द म्हणताना माझा हात अडखळतो.

जुनी पाटी :
आपला आक्षेप वजनदार आहे. ‘म्हणून’सुद्धा ‘सामना म्हणून थांबला’ असे थोडे सरकते, आणि त्याला सर्व जण उभयान्वयी मानतात, एवढेच मी माझ्या बाजूने सांगू शकतो. वर्गात मी पुस्तकातील यादी मानत आलो. यादीमागचे कारण मला प्रत्येक वेळी पुरेसे वाटले असे नाही.

सायली :
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच दोन अव्ययांचा आहे. मी सांगलीची असून सध्या बंगळूरला मुलांना घरी मराठी शिकवते. ‘मी पण येते’ आणि ‘मी येते, पण उशीर होईल’ या दोन वाक्यांतील ‘पण’ एकच आहे असे मुले समजतात. पहिल्या ‘पण’ला शब्दयोगी म्हणावे असे वाचले, मग तो जोडून लिहायला नको का?

जुनी पाटी :
दोन्ही ‘पण’ वेगळे काढण्यासाठी त्यांच्या जागी दुसरे शब्द ठेवून पाहावेत. पहिल्याच्या जागी ‘सुद्धा’ बसतो आणि ‘परंतु’ बसत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत याच्या उलट होते. पहिला ‘पण’ ज्या शब्दामागे जातो त्या शब्दावर भर देतो : ‘मी पण पत्र लिहिले’ म्हणजे इतरांप्रमाणे मीही लिहिले, आणि ‘मी पत्र पण लिहिले’ म्हणजे इतर गोष्टींबरोबर पत्रही लिहिले. अडचण येते ती ‘तो आला पण’ अशा वाक्यात. बोलताना आवाजावरून कळते की तो आलासुद्धा, की वाक्य अर्धवट सोडले आहे. कागदावर मात्र पुढचे वाक्य पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

जोडून लिहिण्याबद्दल म्हणाल, तर ‘मीही’ आणि ‘मीच’ आपण जोडून लिहितो, हे खरे. ‘मीपण’ असे जोडले तर मात्र ते ‘मीपणा’च्या अर्थाचे वेगळेच नाम होते, म्हणून मी स्वतः तोडून लिहितो.

खिळेजुळारी :
मीही तोडूनच लिहितो. माझी शंका त्याहून मागची आहे. ‘पण’, ‘च’, ‘ही’ यांच्यामुळे सामान्यरूप होत नाही. ‘झाडाखाली’तून ‘खाली’ काढला तर वाक्य मोडते, पण ‘मी पण येते’मधून ‘पण’ काढला तरी ‘मी येते’ हे वाक्य शाबूत राहते. फक्त भर जातो. शब्दाचा वाक्याशी संबंध जोडणे हे ज्यांचे काम नाही त्यांना ‘शुद्ध शब्दयोगी’ असे नाव देऊन त्याच घरात का ठेवले, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. कोणाला माहीत असल्यास अवश्य लिहावे.

चाफेकळी :
मुलीने उद्या बाईंना ‘त्यामुळे’बद्दल विचारायचे ठरवले आहे. कापलेल्या गुणाबद्दल तिची आता तक्रार नाही. बाईंनी काय सांगितले ते येथे कळवीन.