साप्ताहिक सुट्टी बदलून मागायची तर तोंडी की अर्ज? आणि अर्जात काय लिहायचं?

लेथवाला (कुपवाड)
कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी १० मे ला बहिणीच्या पोराचं जावळ आहे, पालच्या खंडोबाला. मी मामा, पोराला मांडीवर मलाच घ्यायचंय. इन्चार्जला व्हॉट्सअ‍ॅपवर असं टाकलं:

"साहेब १० तारखेला सुट्टी पाहिजे, भाच्याचं जावळ हाय. गुरुवारची सुट्टी तवा घेतो, पुढच्या गुरुवारी येतो कामाला. जरा अ‍ॅडजस्ट करा."

साहेब म्हणाले, "माझं काही नाही, पण एचआरला नीट अर्ज दे." एका दिवसाच्या अदलाबदलीला एवढं लागतं का? लागत असेल तर कसा लिहू? आज २७ एप्रिल आहे.

मास्तर (तासगाव)
लागतं. तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. असा लिही:

"आदरणीय महोदय, सविनय सादर की, माझ्या घरी मंगल कार्य असल्याकारणाने मला दि. १० मे रोजी एक दिवसाची रजा मंजूर करण्याची कृपा करावी. आपला नम्र सेवक."

वर प्रति, विषय, खाली सही, तारीख. एवढं पुरे.

कामगार भाऊ (माधवनगर)
मास्तर, "नम्र सेवक" कशाला? सुट्टी त्याची हक्काची आहे, फक्त वार बदलून मागतोय. त्याचा मेसेज मला तरी स्वच्छ वाटला. कोण, कधी, कशासाठी, बदल्यात काय देणार, चारही गोष्टी त्यात आहेत. आम्ही पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये आहोत. मालकाला सकाळी चहाच्या वेळी सांगतो, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतो, विषय संपला. कागद मागणं म्हणजे माणसाला उगाच खाली बघायला लावणं.

टाइम ऑफिसवाले काका (मिरज)
भाऊ, पंधरा माणसांत मालक स्वतः हजेरी बघतो, तिथं तुमचं बरोबर आहे. ह्याच्या कंपनीत इन्चार्ज एक, हजेरी लावणारा दुसरा आणि पगार काढणारा तिसरा. तिसऱ्यानं चहाच्या वेळचं बोलणं ऐकलेलं नसतं. त्याला गुरुवारी हजर आणि रविवारी गैरहजर एवढंच दिसतं.

मास्तरांचा साचा ठीक आहे, पण त्यात एक शब्द महागात पडेल: "रजा". रजा लिहिलं की क्लार्क सीएल कापतो. गुरुवारी केलेलं काम मग अधांतरी राहतं, ते ना बदली सुट्टीत येतं ना ओव्हरटाइममध्ये. महिनाअखेरीला पगाराची स्लिप हातात आली की भांडण. विषयाच्या ओळीतच "साप्ताहिक सुट्टीत बदल" असं असायला हवं.

लेथवाल्या, आधी दोन गोष्टी सांग. गुरुवारी अख्खी कंपनी बंद असते का? असेल तर त्या दिवशी एकट्याला मशीन चालवायला मिळणार नाही, मग अदलाबदल होतच नाही, सरळ रजाच मागावी लागेल. आणि कुठल्या गुरुवारी येणार आहेस, ७ च्या की १४ च्या?

लेथवाला (कुपवाड)
कंपनी चालू असते काका. आमची सुट्टी वाटून दिलीय, निम्मे गुरुवारी, निम्मे शुक्रवारी. मी १४ ला येणार म्हणत होतो. जावळ झालं की मग काम करून फेडायचं, असा विचार.

टाइम ऑफिसवाले काका (मिरज)
तिथंच अडेल. १४ नको, ७ घे.

कारखाना कायद्याच्या कलम ५२ चा हिशोब असा होता की सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर बदली सुट्टी त्या दिवसाच्या आधीच्या तीन किंवा नंतरच्या तीन दिवसांत द्यायची, आणि बदलापायी माणसाचं सलग काम दहा दिवसांच्या वर जाता कामा नये. शिवाय बदलाची नोटीस आधी लावायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, पण मी पाहिलेली टाइम ऑफिसं अजून ह्याच हिशोबानं रजिस्टर बघतात. म्हणून अर्जही त्यात बसवलेला बरा.

आता मोज. ७ चा गुरुवार सोडलास तर १० चा रविवार बरोबर तिसरा दिवस, बसला. तुझी आधीची सुट्टी ३० एप्रिलची. १ मे ची महाराष्ट्र दिनाची सुट्टी धरली नाही तरी १ ते ९ मे सलग नऊ दिवस, तेही बसलं. पुढं १४ ला नेहमीची सुट्टी आहेच.

१४ चा सोडलास तर रविवार चार दिवस आधी पडतो, म्हणजे तीनच्या बाहेर. वर ११ पासून २० पर्यंत सलग दहा दिवस काम, एकदम काठावर. त्यात मध्ये कुणी ओव्हरटाइमला २१ तारखेला थांबवलं की गेलं. एचआर "नाही" म्हणेल, आणि तुला वाटेल साहेबानं अडवलं.

शिवाय ७ ला आधी काम करून दिलंस की मागणं सोपं होतं. त्यांचं येणं आधीच चुकतं झालेलं असतं.

सिस्टर (मिरज)
आमच्या हॉस्पिटलमध्ये सगळ्यात आधी विचारतात, "बदल्यात कोण?" वॉर्डात माणूस कमी करताच येत नाही. त्यामुळं आमच्या अर्जावर दोघींच्या सह्या लागतात, जिची सुट्टी ती आणि जी ड्युटी घेणार ती, आणि वर इन्चार्ज सिस्टरची. माझ्या नणंदेच्या डोहाळजेवणाला मी एकटीच्या सहीचा अर्ज दिला होता, तो तसाच परत आला. लेथवाले भाऊ, तुम्हीही बदलीच्या माणसाचं नाव घाला.

टाइम ऑफिसवाले काका (मिरज)
ताई, वॉर्डाला ते हवंच. मशीन शॉपला मी लगेच घालायला सांगणार नाही. जोडीदार खरंच तयार असेल आणि त्याच मशीनवर चालत असेल तरच नाव द्यावं. नाहीतर त्याची सुट्टी कुठली, त्याचे सलग दिवस किती, हा दुसरा हिशोब उघडतो. माणूस लावणं इन्चार्जचं काम.

कामगार भाऊ (माधवनगर)
बरं, कागद द्यायचा हे मान्य, त्याच्या पगाराचा प्रश्न आहे. पण जावळ, मामा, पालचा खंडोबा हे सगळं कशाला? "घरगुती कार्यक्रम" पुरे. कारण सांगत बसलं की पुढच्या वेळी प्रत्येक कारणाचं मोजमाप होतं. ह्याचं जावळ चाललं, माझ्या मेव्हण्याची वास्तुशांत का नाही, असं.

मास्तर (तासगाव)
उलट कारण स्पष्ट असेल तरच तारीख का हलत नाही ते कळतं. १७ मे पासून अधिक महिना लागतोय, त्यात जावळ काढत नाहीत. म्हणजे "पुढच्या रविवारी घे" असं साहेबांना म्हणताच येणार नाही. आणि मामा ह्याच्यात पाहुणा नाही, त्याच्या मांडीवर बसवूनच पहिली बट काढतात. नुसतं "कार्यक्रम" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, जेवायला जायचंय.

"रजा" शब्दाचं काकांचं मी मानतो. आमच्या शाळेत रजाच असायची, तोच साचा हाताला आला.

कामगार भाऊ (माधवनगर)
मामाचं पटलं, एक ओळ असू दे. अधिक महिना मात्र अर्जात नको. साहेबानं विचारलं तर तोंडी सांगता येईल. माझं म्हणणं तेच, हक्काच्या गोष्टीला फार पुरावे जोडू नयेत.

टाइम ऑफिसवाले काका (मिरज)
घे, दोघांचं थोडंथोडं घेऊन लिहिलंय. टोकन नंबर तुझा घाल.

दिनांक: २७ एप्रिल २०२६
प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
मार्फत: इन्चार्ज, मशीन शॉप

विषय: साप्ताहिक सुट्टी गुरुवार ७ मे ऐवजी रविवार १० मे रोजी मिळण्याबाबत.

महोदय,
मी मशीन शॉपमध्ये लेथ ऑपरेटर असून माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवार, दि. १० मे २०२६ रोजी माझ्या भाच्याचे जावळ असून मामा म्हणून त्या विधीसाठी मला उपस्थित राहणे आवश्यक आहे.

तरी गुरुवार, दि. ७ मे रोजी मी पहिल्या पाळीत कामावर हजर राहीन व त्याऐवजी रविवार, दि. १० मे रोजी मला साप्ताहिक सुट्टी मिळावी, ही विनंती. सोमवार, दि. ११ मे रोजी मी नेहमीप्रमाणे हजर होईन. हजेरीपटात याची नोंद रजा म्हणून न होता साप्ताहिक सुट्टीतील बदल म्हणून व्हावी.

रविवारच्या कामाची व्यवस्था करता यावी म्हणून हा अर्ज आगाऊ देत आहे. आपला निर्णय सोमवार, दि. ४ मे पर्यंत कळविल्यास आभारी राहीन.

आपला विश्वासू,
(सही, नाव, टोकन क्र.)

ह्यात "सेवक" नाही आणि "अ‍ॅडजस्ट करा" पण नाही. तुझ्या मेसेजमध्ये "सुट्टी पाहिजे" आधी आलं होतं, इथं तुझं ७ तारखेचं काम आधी येतं आणि मागणं त्याच्या पाठोपाठ. निर्णयाची तारीख ४ घातलीय, कारण ७ च्या आधी कळलं नाही तर तू कामावर यायचं की घरी बसायचं तेच ठरत नाही.

तिसरी पाळी (सातारा)
काका, पहिल्या पाळीवाल्याला हे चालेल. आम्हा रात्रपाळीवाल्यांचं काय? शनिवारी रात्री अकराला चढलो तर रविवारी सकाळी सातला सुटतो. तिथून चोवीस तास सुट्टी धरतात. म्हणजे कागदावर रविवार सुट्टी, प्रत्यक्षात रात्रभर जागून देवळात उभं राहायचं. माझ्या धाकट्या भावाच्या साखरपुड्याला नेमकं असंच झालं. हॉलमध्ये खुर्चीवरच डोळा लागला, फोटोत पण दिसतंय.

टाइम ऑफिसवाले काका (मिरज)
रात्रपाळीची सुट्टी पाळी संपल्यापासूनच मोजतात, ते खरं आहे. अशा वेळी अर्जात नुसती तारीख लिहू नये. "शनिवार दि. ९ च्या रात्री ११ पासून रविवार रात्री ११ पर्यंत" असं तासांत मागावं, किंवा त्या आठवड्यापुरती पाळी बदलून मागावी. ही दुसरी मागणी असल्यामुळं ती वेगळ्या ओळीत लिहायची.

लेथवाल्या, ४ मे च्या आठवड्यात तुझी पहिलीच आहे ना?

लेथवाला (कुपवाड)
बोर्डावर आत्ताच बघून आलो. पहिलीच आहे. अर्ज उतरवून दिला, इन्चार्जनी मार्फतची सही केली. एचआरच्या मॅडमनी घेतला, पण "बघते" म्हणाल्या. पोच मागावी का? मागितली तर विश्वास नाही असं वाटेल का त्यांना?

कामगार भाऊ (माधवनगर)
मागायचीच. झेरॉक्सवर तारीख आणि सही.

सिस्टर (मिरज)
मी नसती मागितली. त्याच मॅडमकडं उद्या परत काम पडणार आहे. ४ तारखेला दुपारी जाऊन नम्रपणे विचारा, बस.

टाइम ऑफिसवाले काका (मिरज)
अर्जाचा फोटो इन्चार्जना व्हॉट्सअ‍ॅपवर टाक आणि खाली लिही, "साहेब, आज एचआरला दिला." तारीख त्यातच येते, आणि मॅडमकडं सही मागायला नको. ४ ला उत्तर नाही आलं तर आधी इन्चार्जना भेट, एचआरला नंतर. आणि हो म्हणेपर्यंत ७ तारखेची सुट्टी तुझीच आहे, ती आपणहून सोडून कामावर जाऊ नकोस.